प्रस्तावना : कागदाची मागची बाजू

शिपिंग लाइनच्या काउंटरवर मूळ बिल ऑफ लेडिंग ठेवलं, की पलीकडचा माणूस ते आधी उलटं करतो. जहाजाचं नाव, कंटेनरचा नंबर, वजन हा सगळा तपशील पुढच्या बाजूला असतो आणि तो त्याच्या कॉम्प्युटरवरही असतो. त्याला बघायचं असतं ते मागे असतं. कुणाची सही आहे, कुणाचा शिक्का आहे, माल कुणाला द्यायला सांगितलंय, आणि ज्याला द्यायला सांगितलंय त्याने पुढे सही केलीय का. हे सगळं जुळलं तर डिलिव्हरी ऑर्डर निघते. नाही जुळलं, तर कागद काचेखालून परत येतो.

2016च्या पावसाळ्यात असा एक कागद माझ्याकडे परत आला. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याने यंत्रमागाचे सुटे भाग मागवले होते. बीएल त्याच्या बँकेच्या ऑर्डरवर होतं. त्याने बँकेत पूर्ण रक्कम भरली, बँकेने मूळ कागद त्याच्या हाती दिले, आणि शुक्रवारी दुपारी ते घेऊन त्याच्या वतीने मी न्हावाशेव्याला काउंटरवर उभा राहिलो. पलीकडच्याने कागद उलटा केला आणि विचारलं, "बँकेची एन्डॉर्समेंट कुठंय?" मागची बाजू कोरी होती. पैसे मिळाल्यावर तिथे सही-शिक्का करायचं बँकेतल्या माणसाकडून राहून गेलं होतं. मी बॅगेत ठेवण्यापूर्वी पुढची बाजू दोनदा वाचली होती, मागची एकदाही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद. त्यानंतर रविवार. सोमवारी सही मिळाली, मंगळवारी डिलिव्हरी ऑर्डर. मधल्या दिवसांचं भाडं त्या व्यापाऱ्याने भरलं. त्याने पैसे दिले होते, माल त्याचाच होता, बंदरात येऊन पडला होता, आणि तरीही एका सहीवाचून तो त्याला हात लावू शकत नव्हता.

ही पुस्तिका त्या सहीविषयी आहे. हळद, बेदाणा, कांदा, कापड परदेशी पाठवायला निघालेल्या नव्या निर्यातदारांसाठी ती लिहिली आहे. भाव कसा ठरवावा, परवाने कुठून काढावेत हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. आपला माल परक्या बंदरात कुणाच्या हाती जाईल, हे ज्या एका चौकटीवर आणि एका सहीवर ठरतं, त्याबद्दल मात्र मराठीत सविस्तर वाचायला फारसं मिळत नाही.

बिल ऑफ लेडिंग, धंद्यातल्या बोलीत बीएल, एकाच वेळी तीन कामं करतं. माल जहाजावर चढल्याची ती पावती असते. वाहतुकीचा करार कोणत्या अटींवर झाला, याचा तो पुरावा असतो. या दोन गोष्टी आपल्या ट्रकच्या बिल्टीतही असतात. तिसरं काम वेगळं आहे. विशिष्ट पद्धतीने लिहिलेलं बीएल ज्याच्या हाती असेल, त्याचा मालावर ताबा आहे असं मानलं जातं. माल समुद्रावर असताना कागद हातोहात फिरू शकतो, आणि कागद फिरला की माल फिरल्यासारखाच असतो.

ही कल्पना आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांना नवी नाही. रेल्वेने माल पाठवताना पावतीवर घेणाऱ्याचं नाव न घालता 'सेल्फ' लिहायचं, पावती बँकेत द्यायची, आणि गिऱ्हाइकाने पैसे भरले की मागे सही करून ती त्याला सोडायची, ही रीत पेठांमध्ये वर्षानुवर्षं चालत होती. ठाण्याच्या एका पेढीने दिल्लीजवळच्या ओखल्याला पाठवलेल्या मालाच्या अशाच 'सेल्फ' पावत्या सही करून बँकेकडे गहाण ठेवल्या आणि 20,000 रुपये उचलले. पुढे तंटा झाला. त्या पावत्यांच्या आधारे बँक रेल्वेवर दावा लावू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1965मध्ये मोरवी मर्कंटाइल बँकेच्या खटल्यात दिला. 'सेल्फ' शब्दाने रेल्वेच्या पावतीत जे साधायचं, तेच बीएलमध्ये 'ऑर्डर' शब्दाने साधतं.

तो शब्द कुठे असतो? बीएलच्या डाव्या बाजूला वरून दुसरी चौकट कन्साइनीची, म्हणजे माल घेणाऱ्याची. पहिली शिपरची, म्हणजे आपली, आणि तिसरी नोटिफाय पार्टीची. या तिसऱ्या चौकटीत नाव असलेल्याला जहाज आल्याची फक्त वर्दी द्यायची असते. नुसतं तिथे नाव असल्याने मालावर त्याचा काडीचाही हक्क नसतो. हक्काचा सगळा खेळ दुसऱ्या चौकटीत आहे. अनेक लाइनच्या छापील नमुन्यात तिच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं, की या चौकटीत 'ऑर्डर' शब्द असेल तरच हे बीएल हस्तांतर करता येईल.

त्या चौकटीत फक्त गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता टाकला, की ते झालं स्ट्रेट बीएल. माल त्या एकाच नावाला द्यायचा. त्याला मागे सही करून तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि आपल्यालाही येत नाही. 'टू ऑर्डर', 'टू ऑर्डर ऑफ शिपर', 'टू ऑर्डर ऑफ अमुक बँक' किंवा 'अमुक कंपनी ऑर ऑर्डर' असं लिहिलं, की ते ऑर्डर बीएल. माल कुणाला द्यायचा हे त्यात अजून ठरलेलं नसतं. ते ज्याच्या ऑर्डरने ठरणार, तो कागदाच्या पाठीवर सही करून सांगतो. ही सही म्हणजे एन्डॉर्समेंट. बँकेच्या मराठीत तिला पृष्ठांकन म्हणतात, आणि शब्द नेमका आहे, कारण ती पाठीवरच करायची असते.

पहिली सही कुणाची, हे पुढच्या चौकटीवरून ठरतं, आणि नव्या माणसाची चूक बहुतेक इथेच होते. नुसतं 'टू ऑर्डर' म्हणजे शिपरच्या ऑर्डरने. पहिली सही आपली. बँकेच्या ऑर्डरवर असेल, तर पहिली सही बँकेची. तिथे आपण कितीही ठळक शिक्का मारला तरी काउंटरवर त्याला किंमत नाही. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचं काम अडलं ते याच जागी.

सही दोन तऱ्हांनी होते. 'माल अमुक कंपनीच्या ऑर्डरने द्यावा' असं लिहून खाली सही-शिक्का केला, की ती पूर्ण एन्डॉर्समेंट. आता सूत्र त्या कंपनीच्या हाती गेलं. ती स्वतः माल उचलेल किंवा आपली सही करून पुढच्याला देईल. अशी साखळी कितीही लांबू शकते, पण मधली एक कडी गळली तरी काउंटरवर काम थांबतं. दुसरी तऱ्हा म्हणजे नाव न घालता नुसती सही, ब्लँक एन्डॉर्समेंट. यानंतर कागद ज्याच्या हाती, तो माल मागू शकतो. बँकांना ही पद्धत सोयीची वाटते आणि एलसीमध्ये बहुधा हीच मागितलेली असते. बीएलच्या मूळ प्रती साधारणपणे तीन निघतात. सही तिन्हींवर करायची. शिक्क्यातलं कंपनीचं नाव चौकटीतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे.

कोऱ्या सहीत किती ताकद आहे आणि किती धोका आहे, हे दाखवणारा खटला सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. नेदरलँड्समधल्या मिडेलबर्गच्या टुरिंग पेढीने 1786मध्ये लिव्हरपूलला धान्य धाडलं. गिऱ्हाईक होता फ्रीमन. पेढीने बीएलवर कोरी सही केली आणि पैसे हाती येण्यापूर्वीच त्याच्या प्रती फ्रीमनकडे पाठवल्या. फ्रीमनने ते कागद लिकबॅरो या व्यापाऱ्याच्या हवाली करून त्यांवर पैसे उचलले आणि मग फ्रीमनचं दिवाळं वाजलं. टुरिंगने माल आपल्याकडे वळवण्यासाठी आपल्याकडची उरलेली प्रत मेसन या माणसाकडे धाडली. लिकबॅरो विरुद्ध मेसन हा खटला 1787पासून 1794पर्यंत इंग्लंडच्या न्यायालयांत फिरला. शेवटी ठरलं ते असं, की ज्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून सही झालेलं बीएल घेतलं, त्याच्या आड पैसे न मिळालेला मूळ विक्रेता येऊ शकत नाही. भारतातला 1856चा बिल्स ऑफ लेडिंग कायदा आणि त्याच्या जागी 2025मध्ये आलेला नवा कायदा, दोन्ही याच विचारावर उभे आहेत. कागदावर नाव असलेल्याला आणि सहीने ज्याच्याकडे मालाची मालकी आली त्याला, दोघांनाही वाहतूकदारावर दावा लावण्याचा हक्क या कायद्यांनी दिला.

टुरिंगची चूक आजही होते. एलसीत कधी अट असते, की दोन प्रती बँकेतून पाठवा आणि एक थेट गिऱ्हाइकाला कुरिअर करा. गिऱ्हाईक म्हणतं, जहाज लवकर पोहोचतं, कागद उशिरा येतात, म्हणून ही सोय. पण तिन्हीपैकी कोणतीही एक प्रत दाखवून माल सुटला की उरलेल्या दोन रद्द होतात. तसं बीएलवर छापलेलंच असतं. 1882मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे जमैकाच्या साखरेचं प्रकरण आलं. घेणाऱ्याने एक प्रत बँकेकडे गहाण ठेवली होती आणि दुसरी दाखवून माल उचलला. गोदीला गहाणाची कल्पना नव्हती, त्यामुळे गोदी सुटली आणि बँक अडकली. म्हणून कोरी सही केलेली एक प्रत सुटी पाठवणं म्हणजे तिन्ही पाठवणं.

आता एक व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. तो उदाहरणासाठी मांडला आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे. सांगलीचा निर्यातदार दुबईजवळच्या जेबेल अलीला हळद पाठवतो. 25 किलोच्या 640 गोण्या, म्हणजे 16 टन, वीस फुटी कंटेनरमध्ये. टनाला 1,500 डॉलर धरून 24,000 डॉलर. 4,800 आगाऊ मिळाले. उरलेले 19,200 डीपीवर, म्हणजे गिऱ्हाइकाने तिथल्या बँकेत पैसे भरले की बँक त्याला कागद सोडणार. जहाज आठवड्याच्या आत पोहोचतं. तिथे पोहोचल्यावर गिऱ्हाइकाचा फोन येतो, की बाजार पडलाय, टनामागे 300 डॉलर कमी करा, नाहीतर मी कागद सोडवत नाही. म्हणजे पुन्हा 4,800 डॉलरची मागणी.

समजा बीएल स्ट्रेट आहे आणि कन्साइनी म्हणून याच गिऱ्हाइकाचं नाव आहे. मूळ प्रती बँकेत आहेत, त्यामुळे त्याला माल उचलता येणार नाही असं आपण धरून चाललोय. पण आपल्यालाही तो दुसऱ्याला विकता येत नाही. त्यासाठी बँकेकडून तिन्ही प्रती परत मागवायच्या, लाइनला द्यायच्या, नवं नाव घालून बीएल बदलून मागायचं, तिथल्या कस्टमकडे गेलेल्या यादीत दुरुस्ती करून घ्यायची. काही देशांत तर पहिल्या कन्साइनीचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणजे जो भाव पाडतोय त्याच्याच दारात जायचं. तोवर मोफतचे दिवस संपतात आणि कंटेनरवर रोजचं भाडं चढू लागतं. गिऱ्हाइकाला हे सगळं ठाऊक असतं. तो घाई करत नाही.

समजा तेच बीएल 'टू ऑर्डर' आहे, आपली कोरी सही आहे आणि तिन्ही प्रती बँकेच्या ताब्यात आहेत. आपण शारजाचा दुसरा व्यापारी शोधतो. तो 1,400 डॉलरला तयार होतो, म्हणजे 22,400. आपण बँकेला कळवतो, की आता कागद या माणसाला या रकमेवर सोडा. तो पैसे भरतो, कागद घेतो, काउंटरवर जातो. नोटिफाय पार्टी बदलण्याचं थोडं काम करावं लागतं, आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेचा हिशोब करारानुसार सोडवावा लागतो. पण माल आपल्या ताब्यात राहिला. बहुतेक वेळा दुसरा खरेदीदार मिळाल्याची कुणकुण लागली, की पहिलं गिऱ्हाईक 300 डॉलरची गोष्ट सोडून देतं. इथेही एक खबरदारी हवी. आपण पहिल्याच दिवशी पाठीवर गिऱ्हाइकाच्या नावाने पूर्ण एन्डॉर्समेंट करून टाकली असती, तर ऑर्डर बीएल असूनही पुन्हा त्याच्या सहीपाशीच अडकलो असतो.

स्ट्रेट बीएलबाबत वर मी "धरून चाललोय" असं लिहिलं, ते मुद्दाम. मूळ प्रत न दाखवता नाव असलेल्याला माल द्यायचा का, यावर सगळे देश एकमताचे नाहीत. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या मालाला 1916च्या पॉमेरीन कायद्यापासून जो नियम लागू आहे, त्यानुसार स्ट्रेट बीएलचा माल नाव असलेल्याला मूळ प्रत न घेता देता येतो. सिंगापूरमध्ये 2002 साली हॅम्बुर्गहून दक्षिण कोरियातल्या बुसानला गेलेल्या मर्सिडीज गाडीचा खटला झाला. विक्रेत्याचे पैसे बाकी होते, मूळ बीएल त्याच्याकडे होतं आणि लाइनने गाडी देऊन टाकली होती. स्ट्रेट असलं तरी मूळ प्रत घेतल्याशिवाय माल द्यायला नको होता, असं तिथल्या अपील न्यायालयाने ठरवलं. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 2005मध्ये 'राफाएला एस' जहाजाच्या प्रकरणात स्ट्रेट बीएललाही मालाच्या हक्काचा दस्तऐवजच मानलं. म्हणजे तुमचं संरक्षण माल कोणत्या बंदरात उतरतो, कागदावर कोणत्या देशाचा कायदा छापलाय आणि मूळ प्रत द्यावी लागेल असं त्यावर लिहिलंय का, यावर अवलंबून राहतं. सगळे पैसे आधी मिळाले असतील, किंवा माल आपल्याच परदेशी शाखेला चालला असेल, तर स्ट्रेट बीएल खुशाल करावं. एक पैसाही बाकी असेल तर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑर्डर बीएलनेही एक दार बंद होत नाही. जेबेल अलीसारख्या जवळच्या बंदरात जहाज आधी येतं आणि कागद नंतर. मग गिऱ्हाईक लाइनला हमीपत्र देतं, कधी त्यावर बँकेचीही सही असते, आणि बीएलशिवाय माल सुटतो. 1959मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे सिंगापूरला गेलेल्या सायकलींच्या सुट्या भागांचा खटला आला, तो असाच. गिऱ्हाइकाने हमीपत्रावर माल उचलला आणि बँकेत पैसे भरलेच नाहीत. माल उतरवल्यानंतर आमची जबाबदारी संपते, असं कलम बीएलवर होतं. ते कलम लाइनला वाचवू शकलं नाही. मूळ बीएल न घेता माल देणं हा कराराचा मूळ हेतूच मोडणं आहे, असं कौन्सिलने ठरवलं. निर्यातदाराने यातून घ्यायचं ते इतकंच, की मूळ प्रती आपल्या किंवा बँकेच्या हाती असताना माल गायब झाला, तर सगळा दावा त्या प्रतींवर उभा असतो. अशा वेळी घाबरून त्या कुणाला देऊन टाकू नयेत.

काही गैरसमजही इथेच दूर करतो. एन्डॉर्समेंट म्हणजे पैसे मिळाल्याची पावती नव्हे. ती मालाच्या दर्जाची हमीही नाही. आणि बीएल हे नोटेसारखं नाही. चोराने किंवा खोटी सही करून कुणी ते पुढे दिलं, तर घेणारा कितीही भोळा असला तरी त्याला माल मिळण्याचा हक्क मिळत नाही. सहीमागे अधिकार असेल तरच सहीला अर्थ आहे.

पुस्तिकेची प्रकरणं कागद ज्या क्रमाने फिरतो त्याच क्रमाने लावली आहेत. शिपिंग बिलाच्या वेळी लाइनला द्यायच्या सूचना, बीएलचा मसुदा तपासणं, मूळ प्रती हातात आल्यावर करायच्या सह्या, बँकेचं पत्र, आणि शेवटी परक्या बंदरातली सुटका. सरेंडर केलेलं बीएल, सी वेबिल आणि फॉरवर्डरचं हाउस बीएल यांना वेगळी प्रकरणं दिली आहेत, कारण त्यांत मूळ प्रतीचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटतो किंवा सुटतच नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एका बीएलची पुढची आणि मागची बाजू शेजारी शेजारी छापली आहे.

दोन्ही बाजू एकत्र वाचायची सवय लागावी, एवढ्यासाठीच त्या तशा छापल्या आहेत. पुढच्या चौकटीत कुणाच्या ऑर्डरने लिहिलंय ते वाचा, मग कागद उलटा करा आणि त्याच माणसाची सही तिथे आहे का ते बघा. नसेल तर ती मिळेपर्यंत काउंटरकडे निघू नका. इचलकरंजीच्या त्या कागदाच्या बाबतीत मी हे शुक्रवारी सकाळी बँकेतच केलं असतं, तर त्याच दुपारी माल सुटला असता.